दरमहा किती भरावे? ठरलेल्या रकमेपासून हप्त्यापर्यंतचा उलटा हिशोब

बहुतेक जण आवर्ती ठेवीची सुरुवात हप्त्यापासून करतात. महिन्याला पाच हजार बाजूला पडू शकतात, म्हणून पाच हजारांचे खाते उघडले, असा सरधोपट विचार असतो. मुदत संपल्यावर हाती आलेली रक्कम हव्या त्या कामाला पुरली तर ठीक, नाहीतर उरलेले कर्जाने भागवायचे. त्यापेक्षा हिशोब उलट्या बाजूने करावा: आधी किती रक्कम हवी ते ठरवायचे, मग ती कधी हवी ते, आणि त्यावरून हप्ता काढायचा. गणित सातवी-आठवीच्या चक्रवाढ व्याजाच्या पुढे जात नाही. पण त्यात चार-पाच जागा अशा आहेत की तिथे नवखा माणूस हमखास चुकतो, आणि एखादी चूक कित्येक हजारांची असते.

सगळे समजून घेण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरू. ५ वर्षांनी ५,००,००० रुपये हवे आहेत. व्याजदर वार्षिक ६ टक्के धरू, कारण त्याने आकडेमोड सोपी होते. तुमच्या ठेवीचा दर वेगळा असेल तर तो घाला, पद्धत तीच राहते.

पहिली पायरी: लक्ष्याची रक्कम आजच्या भावाने धरू नका

ज्या कामासाठी पैसे साठवायचे त्याला आज ५ लाख लागत असतील, तर ५ वर्षांनी तेवढ्यात ते होईलच असे नाही. त्या कामाचा खर्च दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर ५,००,००० ला १.०४ ने पाच वेळा गुणायचे. उत्तर येते ६,०८,३२६. म्हणजे खरे लक्ष्य ५ लाखांचे नसून ६ लाख ८ हजारांचे आहे, आणि पुढे पाहू त्या हिशोबाने त्याचा हप्ता सुमारे ८,६७६ रुपये निघतो. ५ लाखांसाठीचा हप्ता ७,१३१ आहे. हा दीड हजाराचा फरक शेवटच्या वर्षात कळला तर तो भरून काढायला वेळच उरत नाही.

या लेखातल्या उदाहरणात ५ लाख ही वाढलेला खर्च धरून आलेली, पक्की रक्कम आहे असे समजू, म्हणजे पुढचे आकडे डोळ्यांसमोर राहतील.

दुसरी पायरी: वार्षिक दराचा मासिक दर करा

हप्ता महिन्याला भरायचा, म्हणून व्याजही महिन्याचे धरायचे. ६ टक्क्यांना १२ ने भागले की अर्धा टक्का, म्हणजे ०.००५. मुदतही महिन्यांत: ५ वर्षे म्हणजे ६० हप्ते. दर महिन्याचा असेल तर मुदत महिन्यांची, दर वर्षाचा असेल तर मुदत वर्षांची. यांची सरमिसळ झाली की उत्तर पार भरकटते. त्याचा नमुना पुढे येईलच.

एक बारकावा इथेच लक्षात घ्या. माहितीपत्रकात कधी 'वार्षिक व्याजदर' छापलेला असतो, तर कधी 'वार्षिक परतावा'. परताव्याच्या आकड्यात चक्रवाढीचा परिणाम आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो दरापेक्षा थोडा मोठा दिसतो. त्याला थेट १२ ने भागले तर उत्तर फुगते. ६ टक्के हा जर परतावा असेल, तर खरा मासिक दर ०.५ टक्के नसून ०.४८६८ टक्के असतो. ५ हजारांच्या हप्त्यावर ६० महिन्यांत याने साधारण १,४७५ रुपयांचा फरक पडतो. म्हणून हिशोबाला नेहमी 'दर' घ्यावा, 'परतावा' नाही.

तिसरी पायरी: सूत्र कुठून येते ते एकदा हाताने करून पाहा

सूत्र पाठ करण्याआधी तीनच महिन्यांचा हिशोब हाताने करा. दर महिन्याच्या सुरुवातीला १,००० रुपये भरले, आणि महिन्याच्या शेवटी अर्धा टक्का व्याज जमा झाले असे धरा.

पहिल्या महिन्याअखेर १,००० चे १,००५ होतात. दुसऱ्या महिन्यात आणखी १,००० येतात. २,००५ वर व्याज धरून महिनाअखेर २,०१५.०२ रुपये होतात. तिसऱ्या महिन्यात पुन्हा हजार, आणि महिनाअखेर ३,०३०.१० रुपये. यातला पहिला हजार तीन महिने राहिला, दुसरा दोन महिने, तिसरा एकच महिना. प्रत्येक हप्त्याने आपापल्या वाट्याच्या महिन्यांइतके व्याज मिळवले. ६० हप्त्यांची अशी ६० वेगवेगळी उत्तरे काढून त्यांची बेरीज करणे म्हणजेच भविष्यमूल्य. सूत्र फक्त ही लांबलचक बेरीज एका ओळीत आणते:

```
अंतिम रक्कम = हप्ता × [ ((1 + r)^n − 1) ÷ r ] × (1 + r)

r = मासिक दर (6% साठी 0.005)
n = हप्त्यांची संख्या (5 वर्षांसाठी 60)
```

शेवटचा (1 + r) हा गुणक हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला जातो म्हणून आहे. हप्ता महिन्याच्या शेवटी भरला जात असेल तर तो काढून टाकायचा, कारण प्रत्येक हप्त्याला एक महिना कमी मिळतो. पुष्कळ पुस्तकांत आणि तयार तक्त्यांत हा गुणक नसतो, म्हणून दोन ठिकाणची उत्तरे जुळत नाहीत आणि माणूस गोंधळतो. फरक नेमका एका महिन्याच्या व्याजाएवढा असतो.

आता आपले आकडे घाला. १.००५ चा ६० वा घात १.३४८८५० येतो. त्यातून १ वजा करून ०.००५ ने भागले की ६९.७७००, आणि त्याला १.००५ ने गुणले की ७०.११८९. या शेवटच्या आकड्याला आपण गुणक म्हणू. त्याचा अर्थ अगदी साधा आहे: महिन्याला १ रुपया भरलात तर ६० महिन्यांनी ७० रुपये १२ पैसे मिळतात. त्यातले ६० रुपये तुमचे, १० रुपये १२ पैसे व्याजाचे.

घातांकाचे बटण नसेल तर १.००५ ला स्वतःनेच गुणत १२ वा घात काढा. तो १.०६१६७८ येतो. त्याचा पुन्हा पाचवा घात घेतला की ६० वा मिळतो. मात्र मधले आकडे किमान सहा दशांश स्थळांपर्यंत ठेवा. कोणी १.३४८८५० ऐवजी गोळाबेरीज १.३५ घेतले, तर ५ हजारांच्या हप्त्यावर उत्तर ३,५०,५९४ ऐवजी ३,५१,७५० येते. घातातली चूक हजारात एकाइतकीच आहे, पण ०.००५ ने भागताना ती २०० पट होते. या सूत्रात घाईने पूर्णांक करण्याची सवय महागात पडते ती याच जागी.

चौथी पायरी: लक्ष्य भागिले गुणक

हप्ता काढायला आता फक्त एक भागाकार उरला आहे. ५,००,००० ÷ ७०.११८९ = ७,१३०.७५ रुपये. महिन्याच्या शेवटी भरणार असाल तर ५,००,००० ÷ ६९.७७०० = ७,१६६.४० रुपये.

आकडा वरच्या बाजूला पूर्ण करा, खालच्या बाजूला कधीही नाही. ७,१५० रुपये धरू. ७,१५० × ७०.११८९ = ५,०१,३५० रुपये. म्हणजे १,३५० रुपयांची गादी राहते, आणि ती का लागते ते पुढे तिमाही चक्रवाढीच्या मुद्द्यात दिसेल. साठ हप्त्यांत तुम्ही स्वतः ४,२९,००० भरता आणि व्याज ७२,३५० मिळते.

स्प्रेडशीटमध्ये हेच तीन ओळींत होते:

```
=FV(0.06/12, 60, -7150, 0, 1)
=PMT(0.06/12, 60, 0, 500000, 1)
=NPER(0.06/12, -5000, 0, 500000, 1)
```

पहिली ओळ शेवटची रक्कम देते, दुसरी हप्ता, तिसरी महिने. हातातून जाणारा पैसा उणे चिन्हाने लिहायचा आणि हाती येणारा अधिक चिन्हाने. म्हणून दुसऱ्या ओळीचे उत्तर −७,१३०.७५ असे उणे दिसते, ते चुकलेले नसते. शेवटचा १ म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. तो गाळला तर शीट आपोआप महिन्याचा शेवट धरते. तिसऱ्या ओळीचे उत्तर ८०.९६ येते, म्हणजे महिन्याला पाचच हजार जमत असतील तर ५ लाखांना ८१ महिने लागतील, पावणेसात वर्षे. हप्ता वाढवता येत नसेल तेव्हा मुदत किती लांबते हे बघायला ही ओळ फार उपयोगी आहे.

उत्तर बरोबर आहे का, हे डोक्यात तपासा

सूत्राने आलेले उत्तर शीटवर दिसले की मन लगेच विश्वास ठेवते. पण दोन साध्या तपासण्यांशिवाय कोणताही हप्ता पक्का करू नये.

पहिली तपासणी: व्याज शून्य असते तर हप्ता किती आला असता? ५,००,००० ÷ ६० = ८,३३३ रुपये. खरा हप्ता यापेक्षा थोडा कमी असला पाहिजे, फार कमी नाही. कोणी PMT मध्ये १२ ने भागायला विसरले आणि 0.06 तसाच ठेवला, तर उत्तर ८८४.७७ येते. महिन्याला ८८५ रुपये भरून ५ लाख मिळतील म्हणे! एकूण भरणा ५३ हजारांचा आणि हाती ५ लाख, हे ६ टक्क्यांत होणे शक्यच नाही. शीट मात्र कुरकुर न करता हा आकडा देते, कारण तिच्या लेखी तुम्ही महिन्याला ६ टक्के व्याज सांगितले आहे.

दुसरी तपासणी व्याजाची. ६० हप्त्यांपैकी पहिला ६० महिने राहतो, शेवटचा एक महिना, म्हणजे सरासरी प्रत्येक रुपया साडेतीस महिने, साधारण अडीच वर्षे राहतो. म्हणून एकूण भरलेल्या रकमेवर निम्म्या मुदतीचे सरळ व्याज काढा: ४,२९,००० चे ६ टक्क्यांनी अडीच वर्षांचे व्याज ६४,३५०. सूत्राचे ७२,३५० यापेक्षा थोडे जास्त आहे, कारण व्याजावरही व्याज मिळाले. म्हणजे उत्तर पटण्यासारखे आहे. ही तपासणी पाच-सात वर्षांच्या मुदतीपर्यंत चांगली चालते, पुढे चक्रवाढीचा वाटा वाढतो आणि अंदाज फारच कमी पडू लागतो.

याच ठिकाणी सर्वांत सामान्य गैरसमजही उलगडतो. ४,२९,००० भरले, ६ टक्के दर, ५ वर्षे, म्हणून व्याज १,२८,७०० हवे होते, मग ७२ हजारच का दिले, अशी तक्रार आवर्ती ठेव संपल्यावर अनेकदा ऐकू येते. कोणी फसवलेले नसते. सगळी रक्कम पहिल्याच दिवशी ठेवली असती तरच ५ वर्षांचे पूर्ण व्याज मिळाले असते. आवर्ती ठेवीत शेवटचे ११ हप्ते वर्षभरसुद्धा राहत नाहीत. एकरकमी मुदत ठेव आणि आवर्ती ठेव यांचे दर सारखे असले तरी मिळणाऱ्या व्याजाची टक्केवारी म्हणूनच एकसारखी दिसत नाही, आणि दिसायलाही नको.

पाच वर्षांत चक्रवाढ किती काम करते

इथे मला थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण या विषयावर उत्साहाने बोलले जाते आणि आकडे बाजूला राहतात. आपल्या उदाहरणात सरळ व्याज धरले असते तरी ६५,४२२ रुपये व्याज झाले असते. चक्रवाढीने त्यात जेमतेम ६,९०० रुपयांची भर घातली. पाच वर्षांच्या ठेवीत लक्ष्याची सुमारे ८६ टक्के रक्कम तुमच्या हप्त्यांतूनच येते. पहिल्या वर्षाचे एकूण व्याज फक्त २,८४० रुपये असते, पाचव्या वर्षाचे २६,८१६. पहिल्या वर्षी खाते बघून 'यात काही वाढतच नाही' म्हणत लोक ठेव मोडतात, तेव्हा ते व्याजाचा सर्वांत फळणारा काळ येण्याआधीच बाहेर पडतात. बहुतेक ठिकाणी मुदतीआधी मोडल्यास कमी दर लागतो तो वेगळाच.

मुदत लांबली की चित्र बदलते. तोच ७,१५० चा हप्ता १० वर्षे चालला तर भरणा ८,५८,००० आणि हाती ११,७७,५९६. २० वर्षे चालला तर भरणा १७,१६,००० आणि हाती ३३,२०,११०. दहा वर्षांत व्याज ३ लाख २० हजार होते, वीस वर्षांत १६ लाख. मुदत दुप्पट झाली आणि व्याज पाचपट.

यात एक टप्पा ओळखता येतो: ज्या महिन्याचे व्याज तुमच्या हप्त्याएवढे होते तो महिना. ६ टक्क्यांनी तो १३९ वा येतो, म्हणजे ११ वर्षे ७ महिने. हप्ता हजाराचा असो की पन्नास हजारांचा, हा महिना बदलत नाही, कारण तो फक्त दरावर अवलंबून आहे: (१ + मासिक दर) चा जितकावा घात घेतला की उत्तर २ येते, तितकावा महिना. पाच वर्षांचे लक्ष्य गाठायचे तर सगळा जोर हप्त्यावर आणि वीस वर्षांचे असेल तर लवकर सुरुवात आणि न मोडणे यांवर, असा याचा व्यवहारातला अर्थ आहे.

दरातल्या फरकाचेही तसेच. ६ ऐवजी ५ टक्के दर मिळाला तर ५ लाखांसाठी हप्ता ७,१३१ ऐवजी ७,३२२ लागतो, म्हणजे महिन्याला १९१ रुपये जास्त. पाच वर्षांच्या ठेवीसाठी एका टक्क्याची किंमत एवढीच आहे. अर्ध्या टक्क्यासाठी अनोळखी, जोखमीच्या जागी पैसे ठेवण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

उलट, सुरुवात लांबवण्याची किंमत बघा. हेच लक्ष्य, हीच तारीख, पण सुरुवात एक वर्ष उशिरा. आता हातात ४८ महिने. गुणक ५४.३६८३ होतो आणि हप्ता ९,१९६.५३ रुपये. दर महिन्याला २,०६६ रुपये जास्त, तेही सलग चार वर्षे.

संस्थेचा आकडा सूत्राशी जुळत नाही, तेव्हा

पावतीवर छापलेली मुदतपूर्तीची रक्कम तुमच्या उत्तरापेक्षा थोडी कमी दिसेल. बहुधा कारण हे असते की व्याज दर महिन्याला नाही, दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते. त्याचा हिशोब असा: तिमाहीतला पहिला हप्ता तीन महिने राहतो, दुसरा दोन, तिसरा एक. त्यांवर सरळ व्याज मिळून सहा महिन्यांच्या व्याजाएवढे होते. ५,००० च्या हप्त्याला ते १५० रुपये. म्हणजे प्रत्येक तिमाहीअखेर १५,१५० रुपयांची भर पडते आणि आधीची शिल्लक १.५ टक्क्यांनी वाढते. २० तिमाहींनी ३,५०,३२४ रुपये होतात. मासिक चक्रवाढीने ३,५०,५९४ झाले असते. फरक २७० रुपयांचा.

७,१५० च्या हप्त्याला तिमाही पद्धतीने ५,००,९६३ रुपये मिळतात. म्हणजे वर ठेवलेली गादी इथे कामी आली. नेमका ७,१३१ चा हप्ता ठेवला असता तर लक्ष्य साडेतीनशे-चारशे रुपयांनी हुकले असते.

फरक शेकड्यांत असेल तर तो चक्रवाढीच्या पद्धतीचा असतो. हजारांत असेल तर दुसरे काहीतरी आहे: हप्ता महिन्याच्या शेवटी धरला आहे, छापलेला आकडा परताव्याचा होता, किंवा व्याजावरचा कर आधीच कापला आहे. कर व्याजातूनच जाणार असेल तर सुरुवातीपासून करोत्तर दर धरणे सोयीचे. व्याजाचा पाचवा भाग करात जात असेल, तर ६ टक्क्यांचे ४.८ टक्के धरा. ५ लाखांसाठी हप्ता मग साधारण ७,३६० निघतो.

हप्ते चुकले तर

समजा दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या महिन्यात हप्ता भरता आला नाही. तीन हप्त्यांचे २१,४५० रुपये कमी भरले, म्हणून शेवटी तेवढेच कमी मिळतील असे वाटते. पण ते हप्ते अनुक्रमे ५१, ५० आणि ४९ महिने वाढणार होते. शेवटी खड्डा पडतो २७,५२५ रुपयांचा.

तो भरण्याचे दोन मार्ग आहेत. तेराव्या महिन्यातच तिन्ही हप्ते एकदम भरले, तर २१,६६५ रुपये लागतात. म्हणजे उशिराची किंमत फक्त २१५ रुपये. ते जमत नसेल तर उरलेल्या ४८ हप्त्यांत दरमहा ५०६ रुपये वाढवायचे: २७,५२५ भागिले ४८ महिन्यांचा गुणक ५४.३६८३. काहीच केले नाही तर खड्डा २७ हजारांचाच राहतो. म्हणून चुकलेला हप्ता जितक्या लवकर भराल तितका स्वस्तात सुटतो. संस्थेचा दंड यात धरलेला नाही, तो वेगळा लागतो. शिवाय कित्येक आवर्ती ठेवींत हप्त्याची रक्कम मध्येच बदलता येत नाही. तिथे वाढीव ५०६ रुपयांसाठी दुसरे छोटे खाते उघडावे लागते. खाते उघडतानाच हे दोन प्रश्न विचारून घ्या.

महिन्याचा तक्ता ठेवा

सूत्र सगळे हप्ते सारखे आणि वेळेवर आहेत असे धरते. खरे आयुष्य तसे चालत नाही, म्हणून एक साधा तक्ता ठेवावा. ए स्तंभात महिना, बी मध्ये हप्ता, सी मध्ये व्याज, डी मध्ये शिल्लक.

```
B2: 7150
C2: =B2*0.06/12
D2: =B2+C2
B3: 7150
C3: =(D2+B3)*0.06/12
D3: =D2+B3+C3
```

तिसरी ओळ खाली ६१ पर्यंत ओढा. D61 मध्ये ५,०१,३५० आले पाहिजे. नाही आले तर बहुधा एखादी ओळ कमी-जास्त झाली आहे किंवा व्याज आधीच्या शिल्लकेवरच धरले गेले आहे आणि नवा हप्ता सुटला आहे. हप्ता चुकला की त्या महिन्याच्या बी मध्ये शून्य लिहा, जास्त भरला की जास्त. शेवटचा आकडा लगेच सांगतो की लक्ष्य कुठे आहे.

दर बदलला की हप्ता नव्याने काढा

ठरावीक दराच्या ठेवीत दर मुदतभर तोच राहतो. पण अनेक बचत योजनांत तो मध्येच बदलतो. तेव्हा सुरुवातीपासूनचा हिशोब पुसून टाकायची गरज नाही. आजची शिल्लक आणि उरलेले महिने एवढे पुरे.

समजा दोन वर्षे नीट भरले. २४ महिन्यांनी शिल्लक १,८२,७४८ रुपये आहे. आता दर ६ वरून ५ टक्क्यांवर आला. ही शिल्लक उरलेल्या ३६ महिन्यांत नव्या दराने वाढून २,१२,२५६ होईल. ५ लाखांतून ते वजा केले की २,८७,७४४ नव्या हप्त्यांतून यायला हवेत. ५ टक्क्यांचा ३६ महिन्यांचा गुणक ३८.९१४८ आहे. भागाकार केला की हप्ता ७,३९४.१९ निघतो. शीटमध्ये एका ओळीत:

```
=PMT(0.05/12, 36, -182748, 500000, 1)
```

शिल्लकही आधी हातातून गेलेला पैसा आहे, म्हणून ती उणे. ७,१५० च्या जागी ७,३९५ भरायला लागले की लक्ष्य पुन्हा मार्गावर येते: महिन्याला २४५ रुपयांची वाढ. हेच गणित दर घसरल्यावर वर्षभराने केले, तर उरलेले महिने २४ च राहतात आणि तोच खड्डा भरायला हप्ता आणखी वाढवावा लागतो. म्हणून दर बदलल्याची सूचना आली की त्याच महिन्यात ही एक ओळ चालवायची आणि नवा हप्ता पुढच्याच महिन्यापासून लागू करायचा.